ब्राइटनेस कमी केला की लॅपटॉपची स्क्रीन धडधडते. दुकानदार म्हणतो डिस्प्ले बदला. खरंच गेलाय का?

रात्रपाळी_लातूर · सोमवार, रात्री ११:५२

नमस्कार मंडळी. लातूरला रूम करून राहतो, राज्यसेवेची तयारी चालू आहे. रूमवर आम्ही तिघं. बाकी दोघं साडेदहालाच आडवे होतात, म्हणून मी लाईट बंद करून लॅपटॉपचा ब्राइटनेस १५-२० वर ठेवून वाचतो. महिनाभरापासून स्क्रीन धडधडलालीय. म्हणजे नेमकं काय ते सांगतो. पांढऱ्या पीडीएफवरून एखाद्या काळ्या व्हिडिओवर गेलो की उजेड हळूहळू खाली जातो, परत आलो की वर चढतो. शिवाय मधूनच पणतीची वात फडफडावी तशी फडफड होते. ब्राइटनेस ४० च्या वर नेला की काहीच नाही, एकदम ठणठणीत. चार्जर लावला तरी बराच फरक पडतो.

लॅपटॉप तीन वर्षांचा, सेकंडहँड घेतलेला, इंटेलचा, विंडोज ११. दुकानात नेला तर त्यांनी दोन मिनिटं बघून "डिस्प्ले गेला, ५२०० लागतील" म्हणून सांगितलं. दोन महिन्यांच्या मेसचे पैसे आहेत ते. घालवायच्या आधी म्हटलं इथं विचारावं.

---

गोदाकाठचा (नांदेड) · सोमवार, रात्री १२:१०

भाऊ, एक सोपी टेस्ट हाय. मोबाईलचा कॅमेरा चालू करून स्क्रीनसमोर धरा. काळे आडवे पट्टे सरकताना दिसले की समजायचं पॅनेल गेलं. माझ्या जुन्या लॅपटॉपला अस्सेच पट्टे होते, वर्षभरात बंद पडला तो.

---

रात्रपाळी_लातूर · सोमवार, रात्री १२:१६

पट्टे दिसलाले की हो! चांगले जाडजूड. मग संपलाच का विषय?

---

माजलगावकर_मास्तर · मंगळवार, सकाळी ७:०५

आमच्याकडेही हाच प्रॉब्लेम. लाईट गेली आणि इन्व्हर्टर चालू झाला की कॉम्प्युटरचा मॉनिटर थरथरतो, स्पीकरमधून घूंऽऽ आवाज येतो. तुमच्याकडं इन्व्हर्टर आहे का? असेल तर तेच कारण असणार. लोडशेडिंगचा त्रास आहे हा सगळा.

---

रात्रपाळी_लातूर · मंगळवार, सकाळी ९:३०

नाही सर, रूमवर इन्व्हर्टर कुठला. आणि माझा त्रास बॅटरीवर असतानाच जास्त आहे.

---

चिपलेवल_काका (संभाजीनगर) · मंगळवार, दुपारी २:४०

जेवणाच्या सुट्टीत लिहितोय, दुकानात गर्दी आहे.

आधी ते पट्ट्यांचं. नांदेडच्या दादांचा लॅपटॉप बंद पडला असेल, पण पट्ट्यांमुळं नाही. पुष्कळ लॅपटॉपमध्ये उजेड कमी करायची पद्धतच अशी असते की मागचे एलईडी मंद होत नाहीत, सेकंदाला दोनशे वेळा किंवा कितीतरी जास्त वेळा चालू-बंद होतात. बंद राहायचा वेळ वाढवला की डोळ्याला अंधुक वाटतं. पीडब्ल्यूएम म्हणतात त्याला. कॅमेरा अख्खं चित्र एकदम टिपत नाही, एकामागून एक ओळ टिपत जातो, त्यामुळं त्याला ते बंद असलेले क्षण पट्ट्यांसारखे दिसतात. कोऱ्या करकरीत लॅपटॉपलाही दिसतील. पट्टे दिसले याचा अर्थ एवढाच की ही स्क्रीन पीडब्ल्यूएमवर चालते.

आता हे बघा. सेकंदाला दोनशे वेळा होणारी उघडझाप सरळ टक लावून बघितली तर डोळ्याला दिसत नाही. पेन जोरात हलवला तर एका पेनाचे दहा पेन दिसतील, काहींचं डोकं दुखेल, एवढंच. तुम्हाला तर बसल्या जागी फडफड दिसते. म्हणजे ती पीडब्ल्यूएमची नाही, दुसरी कुठली तरी हळू चाललेली गोष्ट आहे.

कॅमेऱ्याचाच उपयोग करायचा तर असा करा. मोबाईलच्या प्रो मोडमध्ये व्हिडिओचा शटर १/५० वर अडकवा, आयएसओही एकाच आकड्यावर ठेवा, म्हणजे मोबाईल स्वतःच्या मनानं उजेड वर-खाली करणार नाही. १/५० सेकंदात दोनशेच्या हिशेबानं चार पूर्ण उघडझापी बसतात, त्यामुळं पट्टे जवळपास विरून जातात. घरातल्या एलईडी बल्बची सेकंदाला शंभर वेळची लुकलुकही त्यात मावते. मोबाईल पुस्तकांना टेकवून स्थिर ठेवा, स्क्रीनवर एकरंगी राखाडी चित्र पूर्ण उघडा आणि एक मिनिट रेकॉर्ड करा. त्यात जे हलताना दिसेल तोच तुमचा खरा त्रास.

---

हिंगोली_ते_हिंजवडी · मंगळवार, दुपारी ३:२५

काकांनी छान सांगितलं, पण एवढं खोलात जायची गरजच नाही. चार्जर लावला की थांबतं, म्हणजे सेटिंग. हार्डवेअर खराब असेल तर ते चार्जर बघून थोडंच सुधारणार आहे?

हे करा:

Settings > System > Display > Brightness उघडा, तिथं "Change brightness based on content" असेल, ते Off करा. मग Intel Graphics Command Center मध्ये System > Power > On Battery मध्ये "Display Power Savings" बंद करा. ज्यांच्याकडं एएमडी आहे त्यांच्याकडं याच भावाला Vari-Bright म्हणतात.

बॅटरी वाचवायला हे फीचर चित्र किती काळं-पांढरं आहे ते बघून बॅकलाइट खाली-वर करतं. पीडीएफवरून व्हिडिओवर गेल्यावर जे होतं ते शंभर टक्के हेच. ५२०० वाचले. पार्टी द्या.

---

रात्रपाळी_लातूर · मंगळवार, रात्री ११:२०

दादा, अर्धी पार्टी.

दोन्ही बंद केलं. ते श्वास घेतल्यासारखं खाली-वर होणं पूर्ण थांबलं! पीडीएफ, व्हिडिओ, काहीही उघडा, उजेड जागचा हलत नाही. पण वातीसारखी फडफड आहे तशीच. काकांनी सांगितल्याप्रमाणं राखाडी चित्र लावून रेकॉर्ड केलं. पट्टे नाहीत, पण व्हिडिओत फडफड स्पष्ट येलालीय. ताल नाही तिला. दोन-तीनदा पटपट, मग पाच-सहा सेकंद शांत, मग एकदा मोठी. चित्र जागचं हलत नाही, तरी फडफड आहे.

---

हिंगोली_ते_हिंजवडी · बुधवार, सकाळी १०:१५

मग ड्रायव्हर. इंटेलचा ग्राफिक्स ड्रायव्हर काढून नवा टाका. आणि एक पक्की खूण सांगतो: लॅपटॉप चालू करताना बायोसमध्ये जा, तिथं दहा मिनिटं बसा. बायोसमध्ये विंडोज नाही, ड्रायव्हर नाही. तिथं फडफड नसेल तर हार्डवेअर ठणठणीत.

---

रात्रपाळी_लातूर · बुधवार, दुपारी १:०५

ड्रायव्हर नवा टाकला, फरक शून्य. बायोसमध्ये पंधरा मिनिटं बसलो, एकदाही फडफडलं नाही. म्हणजे हार्डवेअर ठीक?

---

चिपलेवल_काका · बुधवार, रात्री ९:५०

घाई करू नका. बायोसमध्ये ब्राइटनेस किती होता? बहुतेक लॅपटॉपमध्ये तिथं स्क्रीन पूर्ण उजेडात किंवा त्याच्या आसपास असते. तुमचा त्रास तर ४० च्या वर विंडोजमध्येही नाही. मग बायोसनं काय सिद्ध केलं? तेच, जे तुम्हाला आधीपासून माहीत आहे. तिथं Fn च्या बटणांनी उजेड कमी होत असेल तर कमी करून बघा. होत नसेल तर ती टेस्ट या केससाठी बाद.

चार्जरचंही तसंच. पुष्कळ लॅपटॉपमध्ये बॅकलाइटला मिळणारा व्होल्टेज चार्जरवर १९ च्या आसपास आणि बॅटरीवर ११-१२ असतो. त्यामुळं कडेलोटावर आलेलं हार्डवेअर एका बाजूला नीट आणि दुसऱ्या बाजूला आजारी वागू शकतं. चार्जर लावल्यावर थांबलं तर सेटिंग *असू शकतं*, एवढंच म्हणता येतं. तुमच्या बाबतीत मुळात दोन आजार एकावर एक बसले होते. एक सेटिंगचा होता, तो गेला. त्यामुळंच पहिलं वर्णन इतकं गोंधळाचं होतं.

आता कमी उजेडातच का, ते सांगतो, कारण सगळा तपास त्यावरच उभा आहे. समजा सेकंदाला २०० उघडझापी, म्हणजे एकीला ५ मिलीसेकंद. उजेड १० टक्के असेल तर त्यातला अर्धा मिलीसेकंद एलईडी चालू, बाकी बंद. आता सिग्नलमध्ये काहीतरी गडबड होऊन तो ०.१ मिलीसेकंदानं चुकला. अर्ध्यात ०.१ म्हणजे उजेड पाचव्या हिश्श्यानं बदलला, डोळ्याला झटका बसणार. तीच चूक ९० टक्के उजेडात झाली तर ४.५ मध्ये ०.१, कुणाला कळणारसुद्धा नाही. चूक तेवढीच, पण गरिबाच्या घरी शंभर रुपये हरवणं आणि सावकाराच्या घरी हरवणं यात फरक आहे ना, तसं.

म्हणून कमी उजेडातली फडफड म्हणजे "किती वेळ चालू राहायचं" हा निरोप नीट पोचत नाही. निरोप पाठवणारं सॉफ्टवेअर चुकत असेल, नाहीतर वाटेतली वायर. पॅनेलमधला निरोप घेणारा भागही असू शकतो, पण तो शेवटी बघू.

---

हिंगोली_ते_हिंजवडी · बुधवार, रात्री १०:३०

बायोसचा मुद्दा मान्य, उजेडाचा विचारच केला नव्हता. चार्जरचं मात्र अजून पटत नाही. माझ्या ऑफिसच्या तीन लॅपटॉपला हेच होतं आणि तिन्ही सेटिंगनंच सुटले.

---

चिपलेवल_काका · बुधवार, रात्री १०:४१

सुटले असतील की. सेटिंगनं सुटलेले लॅपटॉप तुमच्याकडं राहतात, न सुटलेले माझ्याकडं येतात. 😀

रात्रपाळी, उद्या एक करा. पेनड्राइव्हवर उबुंटू टाका आणि इन्स्टॉल न करता "Try" करून चालवा. विंडोज, त्याचा ड्रायव्हर, त्याची सेटिंग, सगळं एका झटक्यात बाजूला होतं. त्याआधी बिटलॉकरची रिकव्हरी की लिहून ठेवा. बायोसमध्ये काही बदललं तर विंडोज ती मागतं आणि मग लोक रात्री दोनला मला फोन करतात.

टर्मिनलमध्ये:

```
cat /sys/class/backlight/intel_backlight/max_brightness
echo 2000 | sudo tee /sys/class/backlight/intel_backlight/brightness
```

पहिल्या ओळीनं कमाल आकडा कळेल, दुसरीत त्याचा दहावा हिस्सा टाका. ० टाकू नका, स्क्रीन पूर्ण काळी होऊ शकते. विंडोजचे १५ टक्के आणि इथले १५ टक्के सारखे असतीलच असं नाही, तेव्हा आकडा धरून बसू नका. डोळ्याला रोजच्या एवढं अंधुक दिसेल तिथं थांबा. पांढरी खिडकी उघडून पाच मिनिटं बघा.

आणि त्याच वेळी झाकण अगदी हळू पुढं-मागं करा. कुठल्या कोनात वाढतं, कुठं थांबतं, लिहून ठेवा.

---

सेलूची_स्वाती · गुरुवार, सकाळी ८:१५

मध्येच विचारते, राग नका मानू. मला कमी ब्राइटनेसवर काही फडफड दिसत नाही, पण तासाभरात कपाळ ठणकायला लागतं. पेन हलवल्यावर मात्र काकांनी सांगितलं तसे दहा पेन दिसतात. माझा पण बिघडलाय का? डोळ्यांच्या डॉक्टरांनी नंबर नाही म्हणून सांगितलंय.

---

चिपलेवल_काका · गुरुवार, दुपारी २:२०

नाही ताई, बिघडलेला नाही, तो तसाच बनलाय. काहींना हळू पीडब्ल्यूएम सोसत नाही. ब्राइटनेस ७०-८० वर ठेवा म्हणजे बंद राहायचा वेळ कमी होतो, आणि उजेड जास्त वाटला तर डार्क मोड लावा किंवा चित्रच मंद करणारं एखादं अॅप वापरा. ते बॅकलाइटला हात लावत नाही, फक्त रंग गडद करतं. काळा रंग थोडा राखाडी दिसेल आणि बॅटरी जास्त जाईल, पण कपाळ वाचेल. दुरुस्तीला मात्र कुणाला देऊ नका, दुरुस्त करण्यासारखं काही नाहीच त्यात.

---

रात्रपाळी_लातूर · गुरुवार, रात्री ११:४५

केलं काका. कमाल आकडा १९२०० आला.

५००० ला: दहा मिनिटं काहीच नाही.
१९२० ला: फडफड सुरू. विंडोजसारखीच, बिनतालाची.

आता खरी गंमत. १९२० वरच ठेवून झाकण हलवलं. पलंगावर पोथीसारखं मांडीवर घेऊन वाचतो तेव्हा झाकण असतं तसं, म्हणजे काटकोनाच्या आसपास, सगळ्यात जास्त फडफड. पार मागं ढकललं की गायब! तिथं पंधरा मिनिटं ठेवलं, एकदाही नाही. परत काटकोनात आणलं की दहा सेकंदात चालू. तीनदा करून बघितलं. डाव्या बिजागरीजवळ फ्रेमला हलकासा अंगठा टेकवला तरी बदलतं.

रूममेट उठला आणि म्हणाला, "काऊन रे, रात्रीचं झाकण उघडझाप करून राहिलास?" तो पुसदचा आहे.

---

हिंगोली_ते_हिंजवडी · शुक्रवार, सकाळी ९:४०

झाकण हलवून बदलतंय म्हणजे सेटिंग नाहीच. हात जोडले काका.

---

गोदाकाठचा · शुक्रवार, सकाळी १०:०५

म्हंजे पॅनेल गेलं हे मी आधीच म्हणलो होतो 🙂

---

चिपलेवल_काका · शुक्रवार, दुपारी २:३५

पॅनेल नाही हो दादा. पॅनेलला झाकणाचा कोन कळत नाही. कोन कळतो तो बिजागरीतून जाणाऱ्या डिस्प्ले केबलला. मदरबोर्डवरून वर पॅनेलकडं जाणारी ती पातळ केबल, टोकाला बहुतेक ३० पिनांचा कनेक्टर. चित्र, बॅकलाइटची वीज आणि तो चालू-बंदचा निरोप, सगळं त्यातूनच जातं. झाकण उघडून-मिटून बिजागरीशी ती घासते, नाहीतर कनेक्टर किंचित सैल होतो.

त्यातही एक बारकावा आहे. विजेच्या तारा खराब असत्या तर पूर्ण उजेडात त्रास जास्त झाला असता, कारण करंट तेव्हा जास्त ओढला जातो. चित्राच्या तारा असत्या तर रेषा, रंगीत ठिपके, चित्र तुटणं दिसलं असतं. इथं चित्र स्वच्छ, पूर्ण उजेड स्वच्छ, फक्त कमी उजेडात फडफड. म्हणजे बहुधा निरोपाची तार किंवा तिची जमीन, म्हणजे ग्राउंड. बहुधा म्हणतो, कारण उघडून बघितल्याशिवाय छातीठोक सांगणारा मेकॅनिक मला अजून भेटायचाय.

एलईडीच जात असते तर खालच्या कडेला एखादा काळपट पट्टा कायम दिसला असता, किंवा बॅकलाइट पूर्ण जाऊन टॉर्च मारल्यावर चित्र पुसटसं दिसलं असतं. तसलं काहीच नाही तुमच्याकडं.

दुकानात जाऊन "डिस्प्ले बघा" म्हणू नका. "डिस्प्ले केबल दोन्ही टोकांना काढून परत बसवा, आणि बिजागरीपाशी साल निघालीय का ते मला दाखवा" असं म्हणा. समोर उभे राहा. आणि केबलला हात लावायच्या आधी आतल्या बॅटरीचा कनेक्टर काढला की नाही ते बघा. बटणानं बंद केलं म्हणजे झालं असं समजून तसंच केबल ओढणारे आहेत. पिन तिरकी होऊन शेजारच्या पिनेला लागली की बॅकलाइटचा फ्यूज उडतो. मग मात्र खरंच अंधार.

---

रात्रपाळी_लातूर · रविवार, रात्री ८:१०

अपडेट. त्या दुकानात नाही गेलो, दुसरीकडं गेलो. पोरगा चांगला होता, समोर बसवून उघडलं. बॅटरीचा कनेक्टर त्यानं सांगायच्या आधीच काढला. डाव्या बिजागरीखाली केबलवरची काळी टेप घासून पार चकचकीत झाली होती, आतली चांदीसारखी जाळी दिसत होती. पॅनेलच्या मागचा कनेक्टरही एका कडेनं नखभर वर आलेला. साफ करून बसवला, केबलवर नवी टेप गुंडाळली आणि बिजागरीपासून थोडी बाजूनं वळवून घेतली. २५० रुपये घेतले.

आता १५-२० ला काटकोनातही फडफड नाही. दोन रात्री झाल्या. पण अगदी खाली, विंडोजमध्ये ५ वर नेलं की पाच-दहा मिनिटांत एखाद-दुसऱ्यांदा हलकीशी होते. झाकणाचा आता संबंध वाटत नाही. केबल नवी मागवू का?

---

चिपलेवल_काका · रविवार, रात्री ९:५५

लगेच नको. ५ वर चालू राहायचा वेळ इतका कमी असतो की काही पॅनेल नवे असतानाही तिथं किंचित डगमगतात. जाळी उघडी पडली होती म्हणता, तर केबलही पूर्ण निर्दोष नसेल. मी असतो तर महिनाभर १५ वर वापरून बघितलं असतं. फडफड १५ पर्यंत परत वर चढली तर केबल बदला. ५ वरच राहिली तर सोडून द्या.

---

हिंगोली_ते_हिंजवडी · रविवार, रात्री १०:२०

मी तर म्हणतो केबल बदलूनच टाका. जाळी दिसतेय म्हणजे आज ना उद्या जाणारच. ऑनलाइन पार्ट नंबर टाकून मिळते, फक्त मॉडेलच्या नावावरून घेऊ नका. एकाच मॉडेलला दोन-तीन वेगळ्या केबल असतात, जुन्या केबलवरच्या स्टिकरवरचा नंबर जुळवा.

---

रात्रपाळी_लातूर · रविवार, रात्री १०:३१

स्टिकरचा फोटो काढून ठेवलाय. सध्या काकांचं ऐकतो, पुढच्या महिन्यात सांगतो काय झालं ते. आणि ते "Change brightness based on content" विंडोजच्या अपडेटनंतर परत चालू झालेलं दिसलं बरं का, काल परत बंद केलं.

---

माजलगावकर_मास्तर · सोमवार, सकाळी ६:५०

माझ्या इन्व्हर्टरचं तेवढं राहिलंच.

---

चिपलेवल_काका · सोमवार, दुपारी २:१५

मास्तर, तुमचा इन्व्हर्टर साइनवेव्ह आहे की स्क्वेअरवेव्ह ते मागच्या स्टिकरवर बघा. स्पीकरमधला घूं आवाज ऐकून मला स्क्वेअरवेव्हचा संशय आहे. पण त्याचा वेगळा धागा काढा, इथं दोन्हीची खिचडी होईल.